लग्नातल्या चित्र-बूथची रांग तुंबते तेव्हा: तपासणी कुठून सुरू करायची

पाहुण्याचा फोटो काढायचा, लॅपटॉपवरच्या एआय मॉडेलने त्याचं तैलचित्र किंवा जुन्या सिनेमाचं पोस्टर करायचं आणि चार बाय सहाचा प्रिंट हातात द्यायचा. असे बूथ आता नागपूरच्या लॉनवर रिसेप्शनला आणि मेळ्यांतही लागतात. त्यांचा बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. रांग पुढे सरकत नाही.

लक्षणं

पहिला अर्धा तास सगळं सुरळीत असतं, मग जेवणाची वेळ झाली की रांग थेट पनीरच्या काउंटरला जाऊन भिडते. लॅपटॉप रिकामा आणि प्रिंटरही रिकामा, तरी माणसं उभीच. हे पहिलं लक्षण. दुसरं, नऊनंतर प्रत्येक चित्राला आधीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. तिसरं, टेबलावर पंधरा प्रिंट पडलेले असतात, त्यांचे मालक आइस्क्रीमपाशी असतात आणि जो समोर उभा आहे त्याचाच प्रिंट सापडत नाही. चौथं, कुणाच्या तरी काकू येऊन विचारतात, "आमच्या पोरीचा फोटो त्या मोठ्या पडद्यावर काहून लावला?" मग दहा मिनिटं सगळंच थांबतं. पाचवं, प्रिंटवर पांढरी रेघ किंवा ठिपके येतात, कागद वळतो किंवा प्रिंटर मध्येच अडतो.

पाचही लक्षणं वेगवेगळी दिसली तरी त्यांचा शेवट रांगेतच होतो. म्हणून तपासणीही रांगेपासून सुरू करायची. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचा विचार सगळ्यात शेवटी.

पहिली तपासणी: मोबाईलचं स्टॉपवॉच

खर्च शून्य. सलग दहा पाहुण्यांचा प्रत्येक टप्पा मोजा: परवानगी विचारणं, शैली निवडणं, फोटो, चित्र तयार होणं, छपाई, प्रिंट देणं. हे मोजल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला दगड, कारण रांगेचा वेग सगळ्यात मंद टप्पाच ठरवतो. बाकीचे टप्पे कितीही वेगवान केले तरी काही फरक पडत नाही.

समजा वर्धा रोडवरच्या एका लॉनवर मेमधलं रिसेप्शन आहे, बूथ साडेसात ते साडेदहा आणि सगळं काम एकच माणूस करतोय. परवानगीला 25 सेकंद, शैली निवडायला 40, फोटोला 15, चित्राला 9, छपाईला 13 आणि प्रिंट शोधून द्यायला 20. बेरीज 122 सेकंद. म्हणजे तासाला 29 पाहुणे, तीन तासांत नव्वदच्या आत. यजमानांनी पाचशे पत्रिका वाटल्या असतील तर हा आकडा लाजवणारा आहे. पण यात यंत्रांचा वाटा किती? 122 पैकी 22 सेकंद. उरलेली शंभर सेकंद माणसांच्या बोलण्यात, निवडण्यात आणि शोधण्यात जातात. चित्र नऊऐवजी चार सेकंदांत करणारा लॅपटॉप आणला तरी तासाला फार तर एक पाहुणा वाढेल.

दुसरी तपासणी: निवड कुठे होते

लॅपटॉपच्या पडद्यावर बारा शैली दाखवल्या की आख्खं कुटुंब त्यावर चर्चा करतं. तीनच शैली ठेवा. त्या मोठ्या छापून रांगेच्या शेपटीशी लावा, म्हणजे माणूस कॅमेऱ्यापर्यंत येईतो त्याचं ठरलेलं असतं आणि तो फक्त "दोन नंबर" म्हणतो. नमुन्यांत एक सावळा चेहरा, एक म्हातारा आणि एक चष्मेवाला हवाच. सगळे नमुने गोऱ्यापान मॉडेलचे असले तर पाहुणा प्रत्यक्षात निराळ्याच अपेक्षेने येतो आणि "पुन्हा करा" म्हणतो.

हे "पुन्हा करा" रांगेतलं लपलेलं भोक आहे. एक चित्र पुन्हा केलं म्हणजे मागच्या एका माणसाची पाळी गेली. त्याची कारणं दोन. एक, मूळ फोटोपासून दूर जायची मोकळीक, म्हणजे डीनॉइज, फार ठेवलेली असते. 0.6 च्या वर चेहरा हळूहळू दुसऱ्याच कुणाचा तरी होऊ लागतो, त्यामुळे लग्नात 0.4 ते 0.5 वर राहिलेलं बरं. त्वचा उजळ करायची मॉडेलची खोडही याच आकड्यासोबत वाढते. दुसरं कारण म्हणजे मोठा ग्रुप. ही मॉडेल चित्र आठ पट लहान करून त्यावर काम करतात. ग्रुपमधला चेहरा 80 पिक्सेल रुंद असेल तर मॉडेलच्या हाती दहा घरं उरतात, आणि दहा घरांत डोळे, नाक, नथ मावत नाही. फोटोत चार माणसं ही मर्यादा फलकावरच लिहा. अकरा जणांचा मामेभाऊ-गट आला तर त्यांचे तीन फोटो काढा.

तिसरी तपासणी: सूचना फलक कुठे आहे आणि त्यावर काय आहे

परवानगी कॅमेऱ्यासमोर विचारली तर ती 25 सेकंद कॅमेऱ्याच्या खात्यात जातात. शिवाय मागे वीस माणसं ताटकळत असताना घाईत दिलेल्या होकाराला फारसा अर्थ नसतो. फलक रांगेच्या सुरुवातीला, डोळ्यांच्या उंचीवर, दोन हातांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात लावा. नागपुरात मराठी आणि हिंदी दोन्ही हवं. मजकूर एवढा पुरतो:

> येथे तुमचा फोटो काढून संगणकावर त्याचे चित्र केले जाते व एक प्रत छापून मिळते.
> फोटो याच लॅपटॉपवर राहतो, इंटरनेटवर जात नाही.
> चित्र पडद्यावर आणि यजमानांच्या अल्बममध्ये चालेल: हिरवे टोकन घ्या. नको: पांढरे टोकन घ्या. प्रिंट दोघांनाही सारखाच मिळेल.
> 18 वर्षांखालील मुलांसोबत आई, वडील किंवा पालक हवेत.
> आमच्याकडचे सर्व फोटो उद्या रात्री 8 पर्यंत पुसले जातील. आधी पुसून हवे असल्यास टोकन दाखवा.

यातली टोकनाच्या रंगाची ओळ सगळ्यात कामाची. प्रिंटसाठी फोटो घेणं ही एक परवानगी आणि तो चारचौघांत दाखवणं ही दुसरी. दोन्ही एकत्र बांधल्या की काकूंची तक्रार आलीच म्हणून समजा. टोकन दोन रंगांचे ठेवले तर विचारायला वेळ जात नाही आणि नोंदही आपोआप राहते. फाइलचं नाव टोकन नंबरवरून द्या: हिरव्याला `H-041`, पांढऱ्याला `P-042`. पडद्याच्या स्लाइड शोला फक्त `H` च्या फाइल जातील अशी सोय करा, म्हणजे चूक माणसाच्या आठवणीवर सोडावी लागत नाही.

दुसऱ्या ओळीकडेही नीट पाहा. चित्र बाहेरच्या सर्व्हरवर होत असेल तर ती ओळ खोटी ठरते. तिथे "फोटो इंटरनेटवरून बाहेरच्या सेवेकडे पाठवला जातो" असंच लिहावं लागतं. आणि हजार माणसांच्या लॉनवर मोबाईलचं नेटवर्क असंही दम तोडतं, त्यामुळे लॅपटॉपवरच चित्र करणं रांगेसाठीही बरं.

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नेमकं हेच मागतो. काय घेता, कशासाठी घेता हे आधी सांगा, आणि संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं ठेवा. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायला मिळाली पाहिजे, तक्रार कुठे करायची तेही कळलं पाहिजे. हा लांब मजकूर टेबलावर एका पानावर ठेवा, फलकावर कोंबू नका. याच कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि त्यातली कर्तव्यं टप्प्याटप्प्याने लागू होतात.

मुलांच्या बाबतीत नागपूरकरांनी जरा जास्तच जपावं. तान्हा पोळ्याच्या मेळ्यात सजलेली पोरं लाकडी बैल ओढत घोळक्याने येतात आणि आईवडील तिकडे गप्पांत असतात. कायद्याने 18 च्या खालचा प्रत्येक जण मूल आहे आणि संमती पालकाचीच लागते, तीही पडताळता येण्यासारखी. मूल एकटं आलं तर फोटो काढायचा नाही. त्याला फक्त टोकन द्या आणि आईला घेऊन ये म्हणा, पाळी राखून ठेवा. "शेजारचे काका आहेत ना" हे चालत नाही.

चौथी तपासणी: प्रिंट देण्याचं टेबल

फोटोचं टेबल आणि प्रिंटचं टेबल निदान दहा-बारा फुटांवर ठेवा. एकाच टेबलावर दोन्ही असलं की प्रिंटची वाट पाहणारे नव्या माणसाच्या वाटेत उभे राहतात. फोटो झाला की पाहुण्याने जेवायला जावं आणि दहा मिनिटांनी टोकन दाखवून प्रिंट घ्यावा. प्रिंट पालथे, टोकन नंबराने, दहा-दहाच्या खोक्यांत लावले तर शोधायला वीसऐवजी पाच सेकंद लागतात. पालथे अशासाठी की पांढऱ्या टोकनवाल्याचा चेहराही टेबलावर जाहिरातीसारखा पडून राहू नये.

आता वरच्या रिसेप्शनचा हिशेब पुन्हा करू. दोन माणसं आहेत, एक कॅमेऱ्यावर आणि एक प्रिंटवर. कॅमेऱ्यावर फोटोचे 15 आणि टोकन नोंदीचे 7, असे 22 सेकंद. कागदावर तासाला 160 फोटो होतात. साडी सावरणं, फेटा नीट करणं धरून 120 पकडा. 29 वरून 120, तेही एकही यंत्र न बदलता.

इथे एक नवीन गाठ बसते. ग्रुपमधला प्रत्येक जण आपली प्रत मागतो. दर फोटोला सरासरी तीन प्रती झाल्या की छपाई 39 सेकंदांवर जाते, म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा मंद, आणि तुंबा प्रिंटरपाशी सरकतो. उपाय साधा: गर्दीत एका फोटोला एकच प्रत, जास्तीच्या प्रती दहानंतर. हे यजमानांशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर ऐन वेळी मोठे जावईबापू सहा प्रती मागतील आणि नाही म्हणायला कुणी धजणार नाही.

पाचवी तपासणी: लॅपटॉप तापला की उपाशी आहे

संध्याकाळी 9 सेकंदांत होणारं चित्र रात्री 24 सेकंद घेऊ लागलं तरच इकडे वळा. कार्ड एनव्हीडियाचं असेल तर कमांड विंडोत हे चालू ठेवा:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,clocks.sm,power.draw,memory.used --format=csv -l 2
```

चार आकडे दिसतात: तापमान, घड्याळाचा वेग, वीज, वापरलेली मेमरी. बूथ सुरू होताना, चित्र तयार होत असतानाचे आकडे कागदावर लिहून ठेवा, कारण नंतर तुलनेला तेच लागतात. तापमान 85 च्या पुढे आणि वेग बराच उतरलेला असेल तर लॅपटॉप गरम होऊन स्वतःच मंदावला आहे. मेमध्ये दिवसभर पंचेचाळीसच्या आसपास तापलेल्या लॉनवर हे ठरलेलंच. त्यात डेकोरेशनवाल्यांची मखमली झालर लॅपटॉपची खालची जाळी बुजवते. दोन इंच उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा आणि साधा पंखा लावा.

तापमान कमी आणि वीजही निम्म्याहून कमी असेल तर लॅपटॉप उपाशी आहे. मूळ अडॅप्टर निघालाय, यूएसबी-सीचा छोटा चार्जर लावलाय किंवा बॅटरी बचत सुरू आहे. आणि मेमरी काठोकाठ भरली असेल तर जास्तीचं काम साध्या रॅममध्ये सांडतं, तिथे वेग एकदम पडतो. तेव्हा चित्र थेट छपाईच्या मापात करू नका. चार बाय सहाला 300 डीपीआयने 1200×1800 पिक्सेल लागतात. एसडीएक्सएल हे मॉडेल असेल तर 832×1216 मध्ये चित्र करा, दीडपट मोठं करा, 1248×1824 होईल. मग डावी-उजवीकडून 24-24 आणि वर-खाली 12-12 पिक्सेल कापले की माप जुळतं.

सहावी तपासणी: प्रिंटर, कागद, रिबन

बूथवर डाय-सब्लिमेशन प्रिंटरच बरा. तो पिवळा, किरमिजी, निळसर असे तीन थर आणि वर संरक्षक थर चढवतो, त्यामुळे प्रिंट कोरडाच निघतो. शाईच्या प्रिंटरचा चकचकीत कागद ओल्या हातांनी फासतो. रोलवाल्या यंत्रात 4×6 चे शेकडो प्रिंट निघतात (डीएनपीच्या आरएक्स-1 च्या रोलमध्ये 700). रोल बदलायला पाच मिनिटं जातात, म्हणून शिल्लक आकडा साडेसातलाच पाहून ठेवा.

अडकला तर आधी कापलेल्या पट्ट्यांची पेटी पाहा. ती भरून कागद अडतो, आणि ती रिकामी करायला कुणालाच आठवत नाही. ट्रेचं छोटं यंत्र असेल तर कागद प्रत्येक थराला बाहेर डोकावून परत आत जातो. उत्साही पाहुणा तो ओढतो आणि संपलं. समोर ॲक्रिलिकचा आडोसा लावा.

पांढरे ठिपके म्हणजे धूळ, किंवा रोल भरताना लागलेलं बोट. हळदीचा, घामाचा किंवा तर्री-पोह्याचा हात लागलेल्या जागी रंग बसत नाही. रोल कडेला धरूनच भरायचा. सगळ्या प्रिंटवर एकाच जागी उभी रेघ असेल तर छपाईच्या पट्टीवर काहीतरी चिकटलंय. प्रिंटर बंद करून, गार होऊ देऊन, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनेच पुसा. स्टेजच्या धुराच्या यंत्रापासून आणि कागदी फुलांच्या तोफेपासून प्रिंटर लांब हवा.

आणि कूलर! नागपूरच्या लॉनवर पुरुषभर उंचीचे कूलर असतात आणि कुणीतरी मायेने एक बूथकडे वळवतोच. त्या ओल्या हवेने कागद दमट होतो, वळतो, अडतो. माणसाला हवा लागू द्या, प्रिंटरला नको. उलट, छपाई मध्येच थांबून ड्रायव्हर 'हेड गार होत आहे' अशा अर्थाचा संदेश दाखवत असेल तर तो बिघाड नाही. दोन मिनिटं थांबा, बटणं दाबत बसू नका.

वापरलेली रिबन लॉनच्या कचऱ्यात टाकू नका. तिच्यावर प्रत्येक पाहुण्याचं चित्र उलट रंगांत उरलेलं असतं आणि उजेडात धरलं की चेहरा ओळखू येतो. फलकावर पुसण्याचं वचन दिलं असेल तर ही रिबन घरी नेऊन तुकडे करणं त्यातच आलं. कॅमेऱ्याचं कार्ड आणि प्रिंटच्या रांगेत अडकलेल्या फाइलही त्यात आल्या. मॉडेल चालवायला कम्फीयूआय हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर `input`, `output` आणि `temp` हे तिन्ही फोल्डर रिकामे करा. `input` बहुतेक जण विसरतात, आणि मूळ फोटो तिथेच असतात.

कुठे थांबायचं

बूथच्या बोर्डावर प्लगमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर कायम ठेवा. 207 च्या खाली आकडा गेला तर प्रिंटर मध्येच बंद पडू शकतो. 250 च्या वर गेला, किंवा हॅलोजन लागताच काही दिवे भगभगीत आणि काही मंद झाले, तर तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटल्याची शंका घ्या. त्याच क्षणी सगळे प्लग काढा आणि मांडवाच्या वायरमनला बोलवा. जनरेटरचं पॅनल स्वतः उघडायचं नाही. प्रिंटरच्या बॉडीला हात लावून झिणझिण्या आल्या तरीही हेच, अर्थिंग तपासून होईपर्यंत बूथ बंद.

नीट पुसूनही रेघ त्याच जागी राहिली तर छपाईची पट्टी गेलेली असते. ती बदलणं अधिकृत सर्व्हिसचं काम आहे. ब्लेडने खरवडलं की उरलेलीही जाते. एकाच रात्री तीनदा कागद अडला तर चौथ्यांदा झाकण उघडू नका. टोकन घ्या, फाइल पांढऱ्या-हिरव्या नावांनी जपून ठेवा, आणि प्रिंट बर्डीतल्या लॅबमधून काढून दुसऱ्या दिवशी यजमानांकडे पाठवा. अशा वेळी फलकावरची पुसण्याची वेळही हाताने बदलून लिहा.

मेळ्यात एखादी कंपनी बूथचा खर्च उचलून पाहुण्यांचे मोबाईल नंबर मागत असेल, किंवा शाळेच्या मेळ्यात शेकडो मुलांचे फोटो घ्यायचे असतील, तर वरचा पाच ओळींचा फलक पुरत नाही. तो मजकूर आणि कंपनीशी होणारा करार आधी वकिलाला दाखवा, निदान आठवडाभर आधी, म्हणजे फलक छापायला वेळ उरेल.